ऑनलाइन पोकरमधलं साटंलोटं, बॉट आणि घोस्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात एकाच फ्लॅटमध्ये, एकाच वायफायवर तीन-चार मित्र पोकर खेळत असणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे इथून येणारे बहुतेक प्रश्न साटंलोट्याबद्दलचे असतात: दोघांनी मिळून खेळलं तर साइटला खरंच कळतं का, आणि तसं न खेळताही आपल्यावर आळ येऊ शकतो का. या पानावर त्याचंच उत्तर सविस्तर दिलं आहे. बॉट आणि घोस्टिंग त्या मानाने थोडक्यात आहेत.

आज नागपुरात बसून पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळता येतो का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय पोकर अ‍ॅपनी त्यानंतर पैशांची टेबलं बंद केली. खाली जिथे रकमा आणि शिक्षा येतात, त्या परदेशात परवाना घेऊन चालणाऱ्या साइटच्या आहेत. फुकट चिप्सच्या स्पर्धांनाही हेच नियम आणि हीच तपासणी लागू पडते.

साटंलोटं, बॉट आणि घोस्टिंग यांत फरक काय?

एकाच टेबलावरचे दोन किंवा जास्त खेळाडू एकमेकांच्या फायद्यासाठी खेळले तर ते साटंलोटं. माणसाच्या जागी प्रोग्राम निर्णय घेत असेल तर तो बॉट. खातं एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं, म्हणजे मागे बसून कुणी चाली सांगतो आहे किंवा थेट माउसच हातात घेतो आहे, तर ते घोस्टिंग. तिन्हींच्या मुळाशी मोडणारा नियम एकच आहे: एका हँडमध्ये एका जागेवर एकाच माणसाने, फक्त आपले दोन पत्ते पाहून निर्णय घ्यायचा.

मित्राचे दोन पत्ते कळले तर असा कितीसा फायदा होतो?

वाटतो त्यापेक्षा बराच जास्त. समजा तुमच्याकडे सत्तीची जोडी आहे आणि समोरच्याने रेझ केला आहे. फ्लॉपवर आणखी एक सत्ती येऊन सेट लागण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळा खेळलं तर एकदा. एवढ्यावर स्वस्तात कॉल करणं बहुतेक वेळा योग्य असतं. आता शेजारच्या खोलीतला मित्र सांगतो, "माझ्याकडे एक सत्ती होती, मी फोल्ड केलं." न दिसलेल्या ४८ पत्त्यांत आता एकच सत्ती उरली. सेटची शक्यता ६.२५ टक्क्यांवर, जवळजवळ निम्म्यावर येते. जो कॉल बरोबर होता तो आता तोट्याचा झाला, आणि हे टेबलावरच्या इतर कुणालाच माहीत नाही.

फ्लशचंही तसंच. फ्लॉपनंतर तुमच्याकडे चार बदाम असतील तर ४७ पैकी ९ पत्ते कामाचे, म्हणजे पुढच्या पत्त्यावर १९ टक्के. मित्राच्या हातात दोन बदाम असल्याचं कळलं तर ४५ पैकी ७ उरतात, साडेपंधरा टक्के. प्रत्येक हँडमधला फरक छोटा असतो, पण तो हजारो हँडमध्ये साठत जातो आणि तेवढी रक्कम इतर चौघांच्या खिशातून जाते.

पण पत्ते तर फोनवर सांगितले. साइटला ते कळणार कसं?

फोन साइटला ऐकू येत नाही, हे खरं. पण साइटच्या सर्व्हरवर प्रत्येक हँडमधले सगळ्यांचे पत्ते साठवलेले असतात, फोल्ड केलेलेसुद्धा. त्यामुळे तपासणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारता येतो: या खेळाडूला जे पत्ते दिसायलाच नको होते, त्यांच्यानुसार त्याचा निर्णय बदलतो आहे का? प्रामाणिक खेळाडूच्या बाबतीत याचं उत्तर नेहमी "नाही" असंच यायला हवं.

हे समजण्यासाठी एक काल्पनिक पण आकड्यांनी जुळणारं उदाहरण घेऊ. अ आणि ब या दोन खात्यांनी सहाजणांच्या टेबलांवर ४० हजार हँड एकत्र खेळले. एका टेबलावर तासाला ७० च्या आसपास हँड होतात. चार टेबलं एकदम लावली तर हे १४० तासांचं काम, म्हणजे दीड-दोन महिन्यांच्या संध्याकाळी.

इतक्या हँडमध्ये अ ला दुर्रीपासून सत्तीपर्यंतची कुठलीतरी जोडी साधारण १,०८६ वेळा येते. त्यातल्या सुमारे ८६ वेळा ब कडे त्याच आकड्याचा निदान एक पत्ता असतो. पण हे सगळे ८६ प्रसंग वापरता येत नाहीत. ब ने स्वतः रेझ केला असेल तर अ ने त्या रेझला घाबरून पत्ते टाकले, असं प्रामाणिकपणेही घडू शकतं. म्हणून फक्त तेच हँड घ्यायचे, ज्यांत ब ने अ च्या आधी फोल्ड केलं होतं आणि अ समोर तिसऱ्या कुणाचातरी साधा रेझ होता. समजा असे २५ उरले.

आता अ ची सवय बघायची. ब कडे तो पत्ता नसताना, तशाच रेझसमोर, अशी जोडी त्याने ३०० वेळा खेळली आणि २४० वेळा कॉल केला, म्हणजे ८० टक्के. त्या हिशोबाने २५ पैकी २० कॉल अपेक्षित आहेत. नशिबाच्या चढउताराचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, इथे दोन आहे. दोन्हीकडे त्याच्या दुप्पट जागा सोडली, म्हणजे १६ ते २४ च्या मधला कुठलाही आकडा आला, तरी कुणी भुवई उंचावणार नाही. प्रत्यक्षात कॉल निघाले ६. अपेक्षेपासून हे सात प्रमाण विचलन दूर आहे. नशिबाने असं होत नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात बोलकी आहे. तीच चाचणी अ आणि टेबलावरच्या अनोळखी खेळाडूंवर लावायची. अनोळख्याने सत्ती टाकली असताना अ चे कॉल पुन्हा ८० टक्क्यांवर येतात. म्हणजे अ ला फक्त ब चेच पत्ते "जाणवतात". मग उलट बाजूने, ब च्या निर्णयांवर अ च्या पत्त्यांचा परिणाम पाहायचा. दोन्हीकडून तेच आलं तर प्रकरण जवळपास बंद होतं.

निर्णय आणि न दिसणारे पत्ते यांची सांगड घालण्याची ही पद्धत जुनी आहे. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकरवर POTRIPPER नावाच्या खात्याने एका स्पर्धेच्या शेवटच्या हँडमध्ये नुसत्या दश्शीवर मोठा कॉल केला आणि जिंकलं, कारण समोरच्याकडे नव्वीच होती. त्या स्पर्धेच्या सगळ्या पत्त्यांची फाइल एका खेळाडूच्या हाती लागली आणि इतर खेळाडूंनी हँडमागून हँड तपासले. त्या खात्याला सगळ्यांचे पत्ते दिसत होते, हे त्यातून उघड झालं. ते साटंलोटं नव्हतं, आतून केलेली फसवणूक होती. पण पकडण्याची रीत हीच.

मग साइट लगेच का पकडत नाही?

कारण हँड कमी पडतात. वरच्या उदाहरणातले २५ प्रसंग ४० हजार हँडमधून निघाले. दोन हजार हँडमध्ये असा प्रसंग सरासरी एकदाच येतो, आणि एका प्रसंगावरून काहीच म्हणता येत नाही. म्हणून साइट एकाच चाचणीवर थांबत नाही. फ्लशचे पत्ते, एक्के, रिव्हरवरचे निर्णय अशा कित्येक प्रसंगांची बेरीज करते.

दुसरं कारण फार महत्त्वाचं आहे. साइटला खात्यांची एकच जोडी तपासायची नसते, लाखभर जोड्या तपासायच्या असतात. तीन प्रमाण विचलनाची मर्यादा ठेवली तर लाखातल्या साधारण १३५ निरपराध जोड्या निव्वळ योगायोगाने ती ओलांडतील. या लोकांची खाती बंद करणं हा अन्यायच. त्यामुळे संगणकाची यादी ही फक्त सुरुवात असते. पुढे माणसं बसून हँड पाहतात, आणि पाहायलाच हवेत.

पत्ते सांगितले नाहीत, फक्त एकमेकांना सांभाळून घेतलं, तर चालतं का?

नाही, तेही साटंलोटंच. मित्राविरुद्ध पक्का जिंकणारा हात असताना रिव्हरवर शेवटची चाल असूनही चेक करणं, हे त्याचं सगळ्यात साधं रूप. "मित्राकडून काय पैसे घ्यायचे" हा विचार मनाचा मोठेपणा वाटतो, पण स्पर्धेत त्यामुळे तुमचा मित्र टिकतो आणि तिसराच कुणी बाहेर पडतो.

दुसरं रूप म्हणजे तिसऱ्याला दोघांच्या मधे चेपणं. ब्लाइंड ५ आणि १० चे आहेत. अ ३० चा रेझ करतो, अनोळखी खेळाडू कॉल करतो, ब ते १४० वर नेतो, अ ३६० वर. अनोळखी बिचारा फोल्ड करतो आणि लगेच ब पण फोल्ड करतो. ब चे १४० अ कडे गेले, म्हणजे घरातच राहिले. बाहेरून आले अनोळख्याचे ३० आणि ब्लाइंडचे १५. हे उघडं पडतं ते पत्त्यांमुळे: अ कडे गुलाम-पंजी, ब कडे नव्वी-चव्वी. असे पत्ते घेऊन तीनदा रेझ होतो आणि तिसरा गेल्याबरोबर भांडण मिटतं, हे एकदा घडलं तर वेडेपणा म्हणता येईल. वीसदा घडलं आणि प्रत्येक वेळी तीच दोन खाती असली तर नाही.

तिसरं रूप चिप्स मुद्दाम हरून दुसऱ्याला देण्याचं. हे पकडणं सगळ्यात सोपं, कारण त्यात खेळासारखं काहीच नसतं: जवळजवळ सगळ्या चिप्स पॉटमध्ये टाकायच्या आणि शेवटच्या क्षुल्लक रकमेला फोल्ड करायचं. चोरीच्या कार्डावरचे पैसे फिरवायला हीच युक्ती वापरतात, म्हणून साइट इथे सर्वांत कडक असतात.

आम्ही दोघं भाऊ त्रिमूर्तीनगरात एकाच घरात राहतो. एका वायफायमुळे खातं बंद होईल का?

नुसत्या वायफायमुळे होऊ नये. मोबाइल डेटावर तर हजारो अनोळखी ग्राहक एकाच आयपी पत्त्यामागून बाहेर पडतात, हॉस्टेलमध्येही तसंच. हे साइटच्या तपासनिसांना ठाऊक असतं. आयपी जुळला तर ते फक्त पुढे बघायला सुरुवात करतात: फोन किंवा लॅपटॉप एकच आहे का, पैसे भरण्याचं खातं एकच आहे का, आणि शेकडो टेबलं उपलब्ध असताना ही दोन खाती पुन्हा पुन्हा एकत्रच का बसतात.

काळजी घ्यायची ती अशी. खातं उघडतानाच साइटला लिहून कळवा की या पत्त्यावर दोन खेळाडू राहतात, आणि ते उत्तर जपून ठेवा. एकमेकांच्या फोनवरून कधीही लॉगिन करू नका, बॅटरी संपली असली तरी नाही. पैशांच्या टेबलावर एकत्र बसू नका. स्पर्धेत जागा आपल्या हातात नसते. तिथे समोरासमोर आलात तर एकमेकांविरुद्ध इतरांविरुद्ध खेळता तसंच खेळा, आणि शक्य असेल तर वेगळ्या खोलीत बसा.

बॉट कसा ओळखतात?

रोज दहा-बारा तास खेळणं हा पुरावा नाही, माणसंही खेळतात. क्लिक बटणाच्या अगदी त्याच बिंदूवर पडणं ही खूण होती, पण आताचे बॉट क्लिक इकडेतिकडे हलवतात. वेळेचं मात्र तसं नाही. माणूस सोपा फोल्ड एका सेकंदात करतो आणि अवघड निर्णयावर वीस सेकंद अडतो. बॉट बनवणारा मधे यादृच्छिक थांबे घालतो, पण ते थांबे निर्णयाच्या अवघडपणाशी जुळत नाहीत. हजारो हँड एकत्र पाहिले की ही विसंगती दिसते.

बॉट सहसा एकटा नसतो. एकच प्रोग्राम वीस-तीस खात्यांवर चालवला तरच बनवणाऱ्याचा खर्च निघतो, आणि तिथेच तो सापडतो: वेगवेगळ्या नावांची खाती दुर्मिळ प्रसंगातही हुबेहूब सारखे निर्णय घेतात. २०१५ मध्ये पोकरस्टार्सच्या ओमाहा टेबलांवरची अशी टोळी आधी खेळाडूंनीच, खात्यांच्या आकडेवारीची तुलना करून, दाखवून दिली होती.

संशय आला की साइट मध्येच कॅप्चा दाखवते, अचानक चॅटवर प्रश्न विचारते, किंवा खोली चारही बाजूंनी दाखवून मग प्रत्यक्ष खेळतानाचा व्हिडिओ मागते. स्क्रीनसमोर माणूस बसवून बॉटचे निर्णय हाताने दाबणाऱ्यांना कॅप्चा अडवत नाही. त्यांच्यासाठी वर सांगितलेली आकडेवारीच कामी येते.

घोस्टिंग सिद्ध करता येतं का?

खातं प्रत्यक्ष दुसऱ्याच्या हाती गेलं तर येतं. स्पर्धेत शेवटचे नऊ उरल्यावर नवीन उपकरणावरून किंवा दुसऱ्या शहरातून लॉगिन होतं, स्क्रीन दुरून चालवणारं सॉफ्टवेअर सुरू झालेलं दिसतं, रेझचा आकार बदलतो. २००७ च्या पोकरस्टार्सच्या WCOOP मुख्य स्पर्धेत TheV0id हे खातं जिंकलं होतं, बक्षीस १२ लाख डॉलरहून जास्त. चौकशीनंतर साइटने ते अपात्र ठरवलं आणि दुसऱ्या क्रमांकाला विजेता केलं.

पण कुणी फोनवर नुसतं सांगत असेल तर साइटला उपकरण तेच दिसतं. मग एकच खूण उरते: ज्या पत्त्यांवर विचार करायची गरजच नाही, तेही टाकायला दरवेळी बारा-पंधरा सेकंद लागतात, कारण आधी पत्ते सांगायचे आणि उत्तराची वाट बघायची असते. यावरून शंका घेता येते, शिक्षा देता येईलच असं नाही. अंतिम टेबलावर माणसं आपोआप सावध आणि हळू होतात. म्हणून फोनवरून होणारं बरंचसं घोस्टिंग आजही सुटतं, आणि मोठ्या स्पर्धांच्या शेवटी कॅमेरा चालू ठेवायला लावणं हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

हँड संपल्यावर मित्राशी त्याची चर्चा करणं पूर्णपणे चालतं. हँड चालू असताना "काय करू?" विचारलं की नियम मोडला, मग तो मित्र तुमच्या बक्षिसात वाटेकरी असो की नसो.

पकडल्यावर काय शिक्षा होते? हरलेले पैसे परत मिळतात का?

किरकोळ सांभाळून घेण्याला पहिल्यांदा ताकीद मिळते. बॉट, पत्त्यांची देवाणघेवाण आणि चिप्स देणं यांत खातं कायमचं बंद होतं आणि शिल्लक जप्त होते. जप्त रक्कम त्या खात्यांकडून हरलेल्यांमध्ये वाटण्याची पद्धत आहे. पार्टीपोकरने २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की काही महिन्यांत २७७ बॉट खाती बंद झाली आणि ७ लाख ३४ हजार डॉलरहून अधिक रक्कम खेळाडूंना परत केली. जीजीपोकरने २०२० मध्ये खेळताना सॉफ्टवेअरची मदत घेणाऱ्या १३ खात्यांवर बंदी घातली आणि सुमारे पावणेबारा लाख डॉलर जप्त केले.

तुमचा पूर्ण तोटा भरून निघेलच असं समजू नका. टोळीने आधीच काढून नेलेली रक्कम हाती नसते. काही साइट ती स्वतःच्या खिशातून भरतात, काही फक्त सापडली तेवढी वाटतात.

तक्रार कशी लिहावी, म्हणजे कुणीतरी खरंच वाचेल?

दोन्ही खात्यांची नावं, हँडचे क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा आणि वेळ भारतीय आहे हेही सांगा. मग काय खटकलं ते एका वाक्यात: "तिसरा बाहेर पडल्यावर हे दोघं एकमेकांशी कधीच लढत नाहीत." सोबत त्यांच्याविरुद्ध एकूण किती हँड खेळलात तेही द्या. पाच संशयास्पद हँड शंभरातले असले तर तपासनीस लक्ष देईल. दहा हजारांतले असले तर ते योगायोगाने सापडणारच.

टेबलावरच्या चॅटमध्ये आरोप करू नका. खरे दोषी असतील तर सावध होतात आणि नवीन खाती उघडतात. उत्तरात "गोपनीयतेमुळे निकाल सांगता येत नाही" असं आलं तर ते टोलवणं नसतं. तपास चालू असला तरी हेच उत्तर येतं.

माझं खातं चौकशीसाठी गोठवलं आहे. आता काय करू?

दुसरं खातं उघडू नका, मूळ प्रकरणात निर्दोष असलात तरी त्यावरून शिक्षा होईल. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पैसे भरलेल्या बँक खात्याचा तपशील एकाच उत्तरात पाठवा. आळ ज्या खात्यासोबत आला आहे त्याला ओळखत असाल तर ते लपवू नका: भाऊ आहे, रूममेट आहे, एकाच कंपनीत आहोत, जे असेल ते लिहा. साइटला ते बहुधा आधीच कळलेलं असतं, आणि नाकारलं तर तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध जाते. ठराविक हँडबद्दल विचारलं तर तेव्हा काय विचार केला होता ते पत्त्यांसह सांगा. उत्तर पटलं नाही तर साइटचा परवाना देणाऱ्या संस्थेकडे जाता येतं. परवाना माल्टाचा असेल तर तिथल्या गेमिंग प्राधिकरणाकडे तक्रारीची सोय आहे.

ओळखीच्या एजंटच्या खाजगी क्लब अ‍ॅपवर हे सगळं लागू होतं का?

जवळजवळ नाही. अशा क्लबात अ‍ॅप फक्त चिप्स दाखवतं. पैशांचा हिशोब एजंट यूपीआयवर करतो, खाती तोच उघडतो, आणि तक्रारही त्याच्याकडेच जाते. क्लबात खेळाडू तीस-चाळीस असतात, त्यामुळे तीच माणसं रोज एकत्र बसणं ही खूणच उरत नाही. एजंटची स्वतःची दोन-तीन खाती टेबलावर असली तरी तपासणार कोण? शिवाय पैसे घेऊन असा क्लब चालवणं नव्या कायद्यात गुन्हा आहे. एजंटने तुमचे पैसे बुडवले असतील तर यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ते रोखता यावेत, म्हणून पहिले काही तास सगळ्यात महत्त्वाचे असतात.